किलोच्या पाकिटात सातशे ग्रॅम झिंगे: बर्फ वजा करून खरा भाव काढण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

भंडारा जिल्ह्यातल्या एका गावात महामार्गाला लागून महिला बचत गटाची खानावळ आहे. हा भाग तलावांचा. रोहू, कतला, मरळ इथे घरोघरी शिजतात आणि ढीवर बांधवांकडून ताजी मासळी दारावर येते. पण महामार्गावरचं गिऱ्हाईक झिंग्यांचा रस्सा आणि काटे नसलेला मासा मागू लागलं, म्हणून गटाने नागपूरच्या एका पुरवठादाराकडून फ्रोझन माल आणायला सुरुवात केली. थर्मोकोलच्या खोक्यात पॅक होऊन माल ट्रॅव्हल्सने यायचा. त्यात दोन वस्तू असत: सोललेल्या, शीर काढलेल्या वनामी झिंग्यांची पाकिटं आणि बासा माशाच्या फिलेचा दहा किलोचा खोका. झिंगे पाकिटाला ४२० रुपये, बासा किलोला २१० रुपये.

अशा छोट्या व्यवसायांचे हिशेब बसवून देणं हे माझं काम. या गटाकडे मी त्यासाठीच गेलो होतो. गटाची आणि पुरवठादाराची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. वजनं आणि भाव गटाच्या वहीतले आहेत.

अडचण

वहीत झिंग्यांची थाळी तोट्यात दिसत होती, पण कारण सापडत नव्हतं. थाळीला शंभर ग्रॅम कच्चे झिंगे धरले होते. किलोच्या पाकिटात दहा थाळ्या, म्हणजे थाळीमागे झिंग्यांचा खर्च ४२ रुपये. प्रत्यक्षात पाकिटातून सहा थाळ्या निघत. एका निवृत्ती समारंभाच्या जेवणाला १२० ताटांसाठी बारा पाकिटं काढली आणि पंगत अर्ध्यावर असतानाच झिंगे संपत आले. मग रश्श्यात बटाटा वाढवून वेळ मारून नेली.

स्वयंपाक पाहणाऱ्या ताईंचं म्हणणं साधं होतं. "किलोचं पाकीट कढईत टाकलं का नुसतं पाणीच सुटते जी. आटवता आटवता झिंगे रबर होऊन जातात." गटाच्या अध्यक्षांना मात्र शंका होती की स्वयंपाकघरातूनच माल जातोय. दोघींमध्ये त्यावरून अबोला धरण्यापर्यंत वेळ आली होती, म्हणून हा हिशेब लवकर लावणं गरजेचं झालं.

हे पाणी येतं कुठून, ते आधी पाहू. झिंगे सुटे-सुटे गोठवले की त्यांना थंड पाण्यात बुचकळतात किंवा त्यांच्यावर पाण्याचा फवारा मारतात. पृष्ठभाग इतका थंड असतो की पाणी लागताच त्याचा पातळ, काचेसारखा थर बसतो. हाच ग्लेझ. तो विनाकारण नसतो. उघडा गोठवलेला मासा फ्रीझरच्या कोरड्या हवेत हळूहळू सुकतो, कडा पांढऱ्या पडतात, चरबीला खवट वास येतो. बर्फाचा थर असला की माशाऐवजी आधी बर्फ सुकतो. आपल्याकडे उन्हाळ्यात वीज जाते-येते, अशा फ्रीझरमध्ये तर थोडा ग्लेझ हवाच.

प्रश्न तो किती असावा हा आहे. थर सारखाच जाड असला तरी लहान तुकड्यांवर बर्फाचा टक्का जास्त भरतो, कारण वजनाच्या मानाने त्यांचा पृष्ठभाग मोठा असतो. त्यामुळे सोललेल्या लहान झिंग्यांवर दहा-बारा टक्के बर्फ समजण्यासारखा आहे. तीस टक्के चढवायचा तर पुन्हा पुन्हा बुचकळावं लागतं. बासाच्या पसरट, मोठ्या फिलेवर तीस टक्के बर्फ असेल तर तो मुद्दाम चढवलेला आहे असंच मी धरतो. पाण्याला पैसे पडत नाहीत आणि पाकिटाचा भाव स्वस्त दिसतो, एवढंच त्यामागचं गणित.

पहिली मोजणी आणि तिच्यातली गफलत

गटातल्या दोघींनी मी येण्याआधीच एक पाकीट मोजून पाहिलं होतं. भरलेलं पाकीट पिशवी वजा जाता १,००३ ग्रॅम. ते रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात चाळणीवर ठेवलं आणि सकाळी निथळलेले झिंगे तोलले, तर ६२८ ग्रॅम. म्हणजे ३७ टक्क्यांहून जास्त घट. त्यांनी पुरवठादाराला फोन करून "तुमच्या मालात सदतीस टक्के बर्फ आहे" असं सुनावलं.

पुरवठादाराचं उत्तर होतं की हा सगळा बर्फ नव्हे, झिंग्यांच्या अंगातलं पाणीही त्यात सुटलं आहे. या मुद्द्यावर तो बरोबर होता, आणि त्यामुळे पूर्ण तक्रारच खोटी ठरवायला त्याला वाव मिळाला. बाहेरचा बर्फ आणि आतून सुटणारं पाणी या दोन वेगळ्या घटी आहेत. पहिली मोजायची तर झिंगा आतून गोठलेलाच राहायला हवा. पूर्ण वितळवून केलेली मोजणी स्वयंपाकघराच्या हिशेबाला उपयोगी आहे, पुरवठादाराशी भांडायला नाही.

दुसरी मोजणी

ही आम्ही दुपारी केली, फ्रीझरमधून काढल्या काढल्या. किराणा दुकानातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा मागून आणला, कारण खानावळीचा काटा दहा-दहा ग्रॅमने सरकत होता. पाकिटाबाहेरचं दव पुसून ते भरलेलं तोललं, मग रिकामी पिशवी कोरडी करून तोलली. पिशवीच्या तळाशी जो सुटा बर्फाचा चुरा होता तोही भरलेल्या वजनातच धरला, कारण त्याचेही पैसे दिलेले होते.

एप्रिल महिना होता आणि टाकीतलं पाणी हाताला चटके देईल इतकं तापलेलं. अशा पाण्यात बर्फाबरोबर झिंगाही वितळायला लागतो आणि मोजणी बिघडते. म्हणून माठातलं पाणी घेतलं, मोठं गंज भरून, झिंग्यांच्या दहापट तरी. झिंगे स्टीलच्या चाळणीत घालून चाळणी पाण्यात बुडवली आणि हाताने हलकेच फिरवत राहिलो. सुरुवातीला झिंगा बोटाला गुळगुळीत आणि निसरडा लागतो, ओल्या काचेसारखा. थोड्या वेळात ती निसरड जाते आणि मांसाचा खरखरीतपणा बोटाला कळतो, शीर काढलेल्या चिरेची कड लागू लागते. त्याच क्षणी चाळणी वर घ्यायची. घड्याळापेक्षा बोटावर विसंबावं, कारण जाड थराला जास्त वेळ लागतो आणि पातळ थराला अगदी थोडा. मासळीच्या आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकांतही हीच खूण दिली आहे: पृष्ठभाग खरखरीत लागला की गोठलेला नमुना बाहेर काढा, टिपा आणि तोला.

चाळणी तिरपी धरून पाणी निथळू दिलं, झिंगे सुती कापडावर पसरले, वरून टिपले आणि लगेच तोलले. खात्रीसाठी एक झिंगा मोडून पाहिला. कट्कन मोडला आणि आत पांढरा, कडक होता. तो वाकला असता तर ती मोजणी आम्ही रद्द केली असती.

तीन वेगवेगळ्या खोक्यांतली तीन पाकिटं अशी मोजली. भरलेलं वजन सरासरी १,००३ ग्रॅम, बर्फ काढल्यावर सरासरी ७०४ ग्रॅम. टक्का काढताना भागाकार भरलेल्या वजनाने करायचा: १,००३ मधून ७०४ गेले, उरले २९९, त्याला १,००३ ने भागलं की जवळपास ३० टक्के. इथे एक जागा सांभाळावी लागते. काही विक्रेते बर्फाचा टक्का माशाच्या वजनावर सांगतात. किलोभर माशावर दोनशे ग्रॅम बर्फ म्हणजे त्यांच्या भाषेत वीस टक्के, पण तुम्ही तोललेल्या १,२०० ग्रॅममध्ये तो पावणेसतरा टक्के होतो. "वीस टक्के" ऐकलं की कशावर वीस, हे विचारून घ्यावं.

खरा भाव मग सोपा आहे. पाकिटाचे ४२० रुपये भागिले ०.७०४ किलो, म्हणजे किलोला सुमारे ५९७ रुपये. रात्रभर निथळून कढईत जाणाऱ्या मालाचा भाव हवा असेल तर ४२० भागिले ०.६२८, म्हणजे सुमारे ६६९. थाळीला ४२ नव्हे, ६७ रुपयांचे झिंगे पडत होते. स्वयंपाकघरावरचा संशय त्या दुपारी संपला. अध्यक्षांनी ताईंना तसं स्पष्ट बोलूनही दाखवलं.

पाणी न लावता करायची एक पडताळणीही करून पाहिली. पाकिटावर ४१/५० असा काउंट छापलेला होता. हा आकडा पौंडामागचा असेल तर ४५४ ग्रॅममध्ये ४१ ते ५० झिंगे बसतात. पाकिटातले झिंगे मोजले, ६९ निघाले. सगळ्यात मोठा आकार धरला तरी ६९ झिंग्यांचं वजन ७६५ ग्रॅमच्या पुढे जात नाही. म्हणजे बर्फ न वितळवताही किलो झिंगे त्यात नाहीत हे सिद्ध होतं. फक्त काउंट पौंडाचा की किलोचा, हे पुरवठादाराकडून आधी ठरवून घ्यायला हवं, कारण बाजारात दोन्ही चालतात.

पाकिटावर काय लिहिलं होतं

इथे प्रकरणाला वळण मिळालं. पाकिटाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत निव्वळ वजन ७०० ग्रॅम असंच छापलेलं होतं. ग्लेझसह वजन एक किलो, हे समोर ठळक. आमची मोजणी ७०४. म्हणजे पॅक करणाऱ्याने पाकिटावर खोटं लिहिलं नव्हतं. फरक बिलात होता. पुरवठादाराच्या बिलात "झिंगे १२ किलो" असं यायचं आणि गट किलोच्या हिशेबानेच थाळी बसवत होता.

कोडेक्सचा नियम असा की ग्लेझ केलेल्या मालाचं निव्वळ वजन ग्लेझ वगळून सांगायचं. आपल्याकडेही पाकिटावर निव्वळ प्रमाण छापणं वैधमापन शास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ नुसार बंधनकारक आहे. त्यामुळे भाव ठरवताना पाहायची ओळ तीच. पण ती ओळ बिलावर यायला हवी, असं गटातल्या कुणालाच पुरवठादाराने सुचवलं नव्हतं, आणि ते सुचवणं त्याच्या फायद्याचंही नव्हतं.

बासाचं प्रकरण वेगळं निघालं. खोक्यावर ग्लेझ २० टक्के लिहिलेलं होतं, म्हणजे दहा किलोत आठ किलो मासा. खोक्याच्या वरच्या, मधल्या आणि तळच्या थरातून फिले काढून त्याच पद्धतीने मोजले. भरलेलं वजन १,४८० ग्रॅम, बर्फ काढल्यावर १,०४०. घट जवळपास ३० टक्के. आठ किलोच्या जागी सात. खोक्याला २,१०० रुपये देऊन मासा किलोला २६२ ऐवजी सुमारे २९९ रुपयांना पडत होता. झिंग्यांमध्ये वाचण्यातली आणि बिलातली चूक होती, बासामध्ये लिहिलेल्यापेक्षा माल कमी होता. या दोन तक्रारी एकत्र केल्या असत्या तर दोन्ही कच्च्या पडल्या असत्या.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय पुरवठादार सोडून देण्याचा. गटातल्या बहुतेकींचं मन तिकडेच होतं. पण दुसरा पुरवठादार तोच माल वेगळ्या दराने देणार नाही याची हमी नव्हती, आणि या रस्त्यावर खोकं पोचवणारे लोक मोजकेच.

दुसरा पर्याय वैधमापन निरीक्षकांकडे तक्रारीचा. बासासाठी तो खुला होता. त्यासाठी न उघडलेला खोका, बिल आणि लेबल जपून ठेवावं लागतं. आमच्याकडचा खोका उघडलेला होता आणि दोनदा वीज गेल्याने फ्रीझरमधला बर्फ थोडा वितळून पुन्हा गोठला होता. असा माल पुरावा म्हणून ठेवणं दुबळं ठरलं असतं. गटाने हा पर्याय पुढच्या खोक्यासाठी राखून ठेवला आणि तसं पुरवठादाराला सांगितलं.

तिसरा पर्याय कमी ग्लेझचा, महाग दिसणारा माल घेण्याचा. त्याच पुरवठादाराच्या यादीत ५२० रुपयांचं झिंग्यांचं पाकीट होतं, निव्वळ एक किलो, ग्लेझ त्यावर वेगळा. शंभर रुपये जास्त म्हणून गटाने त्याकडे कधी पाहिलंही नव्हतं. एक पाकीट मागवून मोजलं. भरलेलं १,११२ ग्रॅम, बर्फ काढून ९९०, रात्रभर निथळून ९४०. खरा भाव किलोला ५२५ रुपये, कढईतला भाव ५५३. स्वस्त पाकिटापेक्षा कढईतल्या किलोमागे ११६ रुपयांनी कमी.

या दोन मालांत दुसराही फरक दिसला, आणि तो ग्लेझ मोजून कळत नाही. स्वस्त पाकिटातल्या झिंग्यांनी बर्फ काढल्यावरही ७०४ चे ६२८ होईपर्यंत पाणी सोडलं, जवळपास ११ टक्के. महागाने पाच. गोठवण्याआधी झिंगे फॉस्फेटच्या द्रावणात भिजवले की ते पाणी धरून ठेवतात आणि वजन वाढतं. लेबलवर घटकांच्या यादीत आयएनएस ४५१ असं दिसलं तर तो हाच पदार्थ. स्वस्त पाकिटावर तो होता. जास्त पाणी सुटण्यामागे हे एकच कारण असतं असं नाही, वाटेत वितळून पुन्हा गोठलेला मालही तसंच करतो. त्यामुळे यावर तक्रार न करता खरेदीचा निर्णय निथळलेल्या वजनावर घ्यायचा असं ठरलं.

काय केलं

गटाच्या सचिवांनी पुरवठादाराला फोनवर न बोलता लेखी पाठवलं. आधीचा सदतीस टक्क्यांचा आकडा मागे घेतला. झिंग्यांबद्दल एवढीच मागणी केली की बिलावर निव्वळ किलो आणि निव्वळ किलोचा दर लिहावा. बासाबद्दल मोजणीचे आकडे, कोणत्या थरातले फिले, पाणी कसलं, सगळं लिहिलं आणि पुरवठादाराने स्वतःकडच्या त्याच बॅचच्या खोक्यातून मोजून पाहावं असं सुचवलं. फोटोत काट्यावरचा आकडा आणि शेजारी मोडलेला फिले, आतून गोठलेला, असं दोन्ही एकत्र दिसेल असं पाहिलं. त्या मोडलेल्या फिलेमुळे "तुम्ही वितळवलंत" हे उत्तर पुन्हा आलं नाही.

पुढचा माल घेताना प्रत्येक खोक्यातलं एक पाकीट आल्या दिवशीच मोजायचं आणि उरलेले पैसे त्यानंतर द्यायचे, असंही कळवलं. पुरवठादार आधी यावर नाराज होता. गटाने मोजणी त्याच्या माणसासमोर करायची तयारी दाखवली, तेव्हा तो तयार झाला.

परिणाम

बासाच्या त्या खोक्यापोटी एका किलो माशाची रक्कम पुढच्या बिलात वळती झाली. त्यानंतरचा खोका मोजला तर ग्लेझ २१ टक्के निघाला, तो गटाने मान्य केला. वीस टक्केसुद्धा फिलेला जास्तच आहेत, पण दर तेवढा धरून ठरला असेल तर त्यात फसवणूक नाही. झिंग्यांसाठी गट ५२० च्या पाकिटावर गेला. थाळीतला झिंग्यांचा खर्च ६७ वरून ५५ वर आला आणि कढईत पाणी कमी सुटत असल्याने झिंगे आता आटवत बसावे लागत नाहीत. माझ्या मते गिऱ्हाइकाला जाणवेल असा फरक हाच आहे.

काटेरी माशाला हरकत नसलेल्या गिऱ्हाइकासाठी बासाऐवजी तलावातला रोहू वाढवला. तिथेही खवले, आतडी, डोकं गेल्यावर उरलेल्या तुकड्यांवरच भाव काढायचा, हे ताईंनी स्वतःहून वहीत सुरू केलं.

काय वेगळं करता आलं असतं

मोजणी पहिल्या ऑर्डरआधी, एकाच नमुना पाकिटावर व्हायला हवी होती. दोन दरांची पाकिटं शेजारी ठेवून मोजली असती तर महिनोन्‌महिने तोट्यात थाळी विकावी लागली नसती. बासाचा खोका आला त्याच दिवशी मोजला असता तर वीज गेल्याचा प्रश्न आला नसता आणि निरीक्षकांकडे जाण्याचा रस्ता पूर्ण मोकळा राहिला असता. आता फ्रीझरमध्ये एक खोका न उघडता, बिल चिकटवून, पुढची मोजणी पटेपर्यंत वेगळा ठेवतात.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. तीन पाकिटांची सरासरी घेतली तरी एखाद्या बॅचमधला चढ-उतार त्यातून पूर्ण कळत नाही, आणि दर खोक्याला तीन पाकिटं मोजायला गटाकडे वेळ नाही. सध्या एका पाकिटात पाच टक्क्यांपेक्षा जास्त फरक आला तरच आणखी दोन मोजायची, असं ठरलं आहे. पावसाळ्यातला माल येईल तेव्हा ही मर्यादा पुरते का, ते वहीवरून पाहणार आहोत.